फुरका

आमच्या घरी बशीतला चहा आवाज करून पिण्याचा हक्क फक्त आजोबांना होता. आम्हा पोरांकडून फुरका निघाला की आजी डोळे वटारायची. म्हणूनच परवा दुपारी चमचाभर कॉफी जोरात ओढण्याआधी मी मागे कोणी नाही ना, हे पाहून घेतलं.

कॉफी पारखणारे कपर असाच फुरका मारतात, आणि तो नखरा नव्हे. जोरात ओढलं की कॉफीचे तुषार जिभेभर पसरतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून तीच कॉफी प्या, उरतं ते नुसतं कडू-आंबट.

माझ्यासमोर दोन वाट्या होत्या. एकीत चिकमगळूरची धुऊन वाळवलेली अरेबिका, दुसरीत मान्सून्ड मलबार. हिचे दाणे पश्चिम किनाऱ्यावर उघड्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, ते फुगतात, फिकट होतात आणि आंबटपणा गमावतात. पूड थेट वाटीत, 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम, पाणी उकळून जरा निवलेलं, साधारण 93 अंश. कोरड्या पुडीचा वास आधीच घेऊन ठेवायचा. पाणी ओतल्यावर चारेक मिनिटांत वर पुडीचा थर जमतो. तो चमच्याने मोडताना नाक अगदी वाटीत घालायचं, कारण कोंडलेला वास तेव्हाच सुटतो. मग फेस काढून टाकायचा आणि थांबायचं. वाफाळतं काही समोर असताना थांबणं आपल्या रक्तात नाही, पण भाजणाऱ्या जिभेला काय कळणार?

कोमट होऊ लागल्यावर चिकमगळूरने जिभेच्या कडांना पाणी सुटलं आणि लगेच तोंड स्वच्छ झालं. ही चांगली आम्लता. व्हिनेगरसारखा आंबट वास मारला आणि चव रेंगाळली, तर दाणे जास्त आंबलेत असं समजायचं. मलबारमध्ये हा चटका जवळपास नव्हताच. तिथे होता तो बॉडीचा भार. बॉडीचा चवीशी संबंध नाही, तोंडात द्रव किती जड वाटतो एवढंच बघायचं. साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध यांत जाणवतो तसा फरक.

गोडवा सगळ्यात शेवटी, वाटी अंगाइतकी कोमट झाल्यावर. खरं तर भाजताना दाण्यातली साखर जवळजवळ सगळी संपते, जो गोडवा वाटतो तो बराचसा वासाचाच. चिकमगळूर मला गोड लागली. अर्थात माझी वाटी एकच. कपर एकाच नमुन्याचे पाच कप मांडतात, कारण एखादा खराब दाणा एकाच कपात लपलेला असू शकतो.

तेवढ्यात नवरा आला, उरलेली मलबार एका घोटात संपवली आणि विचारता झाला, "जायफळ संपलंय का गं?"