आमची वाटचाल : अडवलेलं बिल आणि एक मेल

लातूरच्या एमआयडीसीत आमची छोटी डाळ मिल आहे. सुरुवातीला आम्ही तूरडाळ पन्नास किलोच्या कट्ट्यात भरून आडतीवर विकायचो. पुढे एक किलोचं छापील पाकीट सुरू केलं आणि पहिल्यांदाच पॅकिंगवाल्याशी व्यवहार जुळला. डाळीचे भाव आम्हाला झोपेतही कळतात, पण पाकिटाच्या प्लॅस्टिक फिल्मच्या रोलचं बिल वाचायला शिकायला दोन वर्षं गेली.

पहिल्या भांडणात मी सगळं बिलच अडवून ठेवलं. वजन कमी आलं होतं, बाजू माझी होती. पण तक्रार फोनवर केली, कागदावर एक ओळ नाही. त्यांच्या खात्यात नोंद एवढीच : लातूरवाले पैसे देत नाहीत. तुरीच्या ऐन हंगामात रोल थांबले आणि मशिन बंद ठेवून मी त्यांनाच फोन करत बसलो.

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला. मान्य रक्कम गुपचूप पाठवली, वादाची ठेवून घेतली. त्यांच्या मुनीमानं ती आधीच्या एका जुन्या बिलात जमा करून टाकली आणि नवं बिल पुरतं थकीत दाखवलं. रक्कम कशापोटी आहे हे देणाऱ्यानं सांगितलं, तर घेणाऱ्याला ती तिथंच जमा करावी लागते. मी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या वेळी एकूण पाचशे किलोचे वीस रोल आले. बिल असं होतं : ५०० किलो, दर २४० रुपये, म्हणजे १,२०,०००. छपाईचे चार सिलिंडर, एका रंगाला एक, २४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १,६९,९२०. डिझाइन तेच, म्हणजे सिलिंडर गेल्या वर्षीचेच, मग परत पैसे कसले? शिवाय रोल ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात, तिचं वजनही फिल्मच्या भावानं लावलेलं. पाच रोल संपल्यावर रिकाम्या नळ्या काट्यावर ठेवल्या. प्रत्येकी बरोबर एक किलो. वीस रोलमागे वीस किलो पुठ्ठा!

आमचे सीए म्हणाले, "पुरवठादार लघुउद्योगात नोंदलेला आहे. माल आल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या. तोंडी हरकतीला काही अर्थ नाही, आणि लेखी करार नसेल तर पंधरा, असेल तर ठरलेल्या, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांवर गेलात की व्याज चढतं." मग पुतण्याला समोर बसवलं. आधी मान्य रक्कम एनईएफटीनं पाठवली, यूटीआर नंबर हातात आला, आणि नवव्या दिवशी त्यांच्याच बिलाच्या मेलला उत्तर म्हणून हे लिहिलं :

"नमस्कार शेठ. बिल क्र. २१४ पैकी ४८० किलो फिल्मचे १,१५,२०० आणि जीएसटी २०,७३६, असे १,३५,९३६ रुपये आज पाठवले. यूटीआर खाली दिला आहे. ही रक्कम फक्त याच बिलात जमा करावी. उरलेल्या ३३,९८४ रुपयांवर आमची हरकत आहे : २० किलो नळीचं वजन (४,८००), चार सिलिंडर (२४,०००) आणि त्यावरचा जीएसटी (५,१८४). वजनाचे फोटो आणि आमची ऑर्डर सोबत जोडली आहे. भाग रक्कम दिली म्हणजे बाकीची मान्य केली असं धरू नये. आमचं म्हणणं पटल्यास क्रेडिट नोट द्यावी. सिलिंडर नवे केले असल्यास कोणते व का, ते सात दिवसांत कळवावं. बाकी माल उत्तम आहे."

पुतण्यानं शेवटी 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलं होतं, कुठल्यातरी जुन्या पत्रातून उचलून. ते काढायला लावलं. वाद आपणच उघडा ठेवायचा आणि आपणच मिटला म्हणायचा, हे कसं? 'तुम्ही नेहमीच लुबाडता' हे वाक्यही काढलं. ते माझं होतं.

त्या वादातल्या ५,१८४ रुपयांचं इनपुट क्रेडिट आम्ही घेतलं नाही, क्रेडिट नोट आली की उलटवायची कटकट नको म्हणून.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. नळीचं वजन त्यांनी मान्य केलं. सिलिंडरबाबत मात्र मीच पाव हिस्सा चुकलो होतो. पाकिटावरचा पत्ता आम्ही बदलून घेतला होता. पत्त्याची अक्षरं काळ्या रंगात, म्हणून काळा सिलिंडर खरंच नवा करावा लागला होता. बाकी तीन जुने. त्या एकाचे ६,००० आणि जीएसटी १,०८० मिळून ७,०८० रुपये मी त्याच दिवशी पाठवले. राहिलेल्या २६,९०४ ची क्रेडिट नोट आली. रक्कम सुटी सुटी लिहिली होती म्हणून एकाचाच निकाल वेगळा लावता आला. मोघम 'तीस-पस्तीस हजार जास्त लावलेत' लिहिलं असतं, तर बिचाऱ्या काळ्या सिलिंडरपायी सगळंच परत भांडणात गेलं असतं.

पुढच्या ऑर्डरीत एक ओळ वाढवली : वजन नळी वगळून. रोल आले, या वेळी ट्रकवाल्यासमोरच काट्यावर चढवले.