δ चा d झाला, आणि तरी एकही अक्षर बदललं नव्हतं

उष्मागतिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या मराठी भाषांतराचं दुसरं प्रूफ माझ्या हातात होतं. त्यात उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाच्या पानावर चौकटीतलं सूत्र अगदी बरोबर होतं: δQ − δW = dU. त्याच्या खालची ओळ मात्र अशी छापली होती: ‘येथे dQ ही प्रणालीला दिलेली अत्यल्प उष्णता व dW हे प्रणालीने केलेले अत्यल्प कार्य होय.’ वर δ, खाली d. भाषांतर माझं होतं, पण चिन्हं मी टाइप केलेलीच नव्हती.

करारात अट स्पष्ट होती: सूत्रं, चिन्हं, सबस्क्रिप्ट आणि एककं जशीच्या तशी राहतील. त्यासाठी पद्धतही ठरली होती. ओळीच्या मध्ये जिथे चिन्ह येईल तिथे मी मराठी मजकुरात एक खुणेचा आकडा ठेवायचे आणि डीटीपी ऑपरेटर मूळ इंग्रजी फाइलमधून ते चिन्ह उचलून तिथे बसवायचा. पद्धत चांगली आहे. भाषांतरकाराच्या हातून c_p चं c_v होण्याची शक्यताच राहत नाही. पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं हा विषय शिकवल्यामुळे असा एक सबस्क्रिप्ट चुकला तर वर्गात काय होतं हे मला माहीत आहे, म्हणून ही अट मी आनंदाने मान्य केली होती.

δ आणि d यांच्यातला फरक बाहेरच्या माणसाला छपाईचा वाटेल, पण या प्रकरणाचा सगळा गाभा तिथेच आहे. सिलिंडरमध्ये एखादा आदर्श वायू आहे असं समजा. सुरुवातीला दाब 200 kPa आणि आकारमान 0.1 m³, शेवटी दाब 100 kPa आणि आकारमान 0.2 m³. दोन्हीकडे pV चा गुणाकार तोच, म्हणजे तापमान तेच आणि अंतर्गत ऊर्जा U सुद्धा तीच. आता आधी 200 kPa दाब कायम ठेवून वायू पसरू दिला आणि मग आकारमान धरून थंड केला, तर कार्य होतं 20 kJ. उलट आधी थंड करून दाब 100 kPa वर आणला आणि मग पसरू दिला, तर कार्य होतं 10 kJ. दोन टोकं तीच, U मधला बदल दोन्ही वेळा शून्य, पण कार्य दुप्पट. आणि पहिल्या नियमानुसार उष्णताही एका मार्गाने 20 kJ आणि दुसऱ्याने 10 kJ. म्हणून U साठी d लिहितात, कारण तिचा बदल U₂ − U₁ असा दोन टोकांवरून काढता येतो. Q आणि W साठी δ लिहितात, कारण Q₂ − Q₁ असं काही अस्तित्वातच नसतं. तोंडी परीक्षेत ‘दुसऱ्या अवस्थेत उष्णता किती?’ असं विचारलं की निम्मा वर्ग आकडा शोधू लागतो. त्या मुलांना थांबवणारी पुस्तकातली एकमेव खूण म्हणजे ती δ.

मी पुढची पानं भराभर उलटली. अंतर्गत ऊर्जेतला बदल ΔU ओळीत DU झाला होता. उष्णतेची देवाणघेवाण न होणाऱ्या प्रसरणात pV^γ चं pV^g झालं होतं आणि पुढे ‘हवेसाठी g = 1.4’ असं लिहिलेलं होतं. हे वाचून निदान कोणी तरी थबकेल. खरी धडकी भरली ती कार्नो चक्राच्या पानावर. मी लिहिलेलं वाक्य होतं, ‘T_H वाढवले की η वाढते.’ छापलं होतं, ‘T_H वाढवले की h वाढते.’ η म्हणजे कार्यक्षमता, h म्हणजे एन्थाल्पी. तापमान वाढवलं की एन्थाल्पी वाढते, हे विधान विद्यार्थ्याने आधीच्याच प्रकरणात वाचलेलं आहे आणि ते आदर्श वायूसाठी खरंही आहे. म्हणजे वाक्य चुकीचं दिसत नाही. कार्यक्षमतेबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट पानावरून नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरीच, खरी वाटणारी गोष्ट येऊन बसली.

दुपारी मी प्रकाशकाच्या डीटीपी विभागात गेले. ऑपरेटर अनुभवी आणि सज्जन माणूस आहे. त्याने प्रूफ पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, मी एक अक्षरसुद्धा बदललेलं नाही. सगळं सिलेक्ट करून इंग्रजी अक्षरांना आपला नेहमीचा फॉन्ट लावला, बस.”

तो खरं बोलत होता. मूळ इंग्रजी पुस्तक पेजमेकरच्या काळात जुळवलेलं होतं. तेव्हा ओळीतलं δ हे स्वतंत्र अक्षर म्हणून साठवलेलं नसे. d टाइप करायचा आणि त्याला सिम्बॉल नावाचा फॉन्ट लावायचा; त्या फॉन्टमध्ये d च्या जागी δ ची आकृती असते, D च्या जागी Δ, g च्या जागी γ आणि h च्या जागी η. फाइलच्या पोटात पहिल्यापासून d च होता. फॉन्ट बदलताच तो उघडा पडला. चौकटीतली सूत्रं बचावली, कारण ती त्या काळी चित्र म्हणून बसवलेली होती आणि चित्राला फॉन्ट लागत नाही. म्हणून वर δ आणि खाली d.

‘जसंच्या तसं’ या अटीचं त्या दिवशी माझ्यासमोर असं काही झालं की अजून ते डोक्यातून जात नाही. संगणकाच्या हिशेबाने अट शंभर टक्के पाळली गेली होती.

आणखी एका गोष्टीची चुटपुट आहे. मराठीत चिन्ह बदलत नसलं तरी त्याच्यामागचं क्रियापद बदलतं. दाब पुल्लिंगी, म्हणून ‘p वाढला’. तापमान नपुंसकलिंगी, म्हणून ‘T वाढले’. एन्थाल्पी स्त्रीलिंगी, म्हणून ‘h वाढली’. V हे चिन्ह आकारमानासाठीही येतं आणि नोझलच्या गणितात वेगासाठीही. पण ‘V वाढले’ म्हटलं की आकारमान आणि ‘V वाढला’ म्हटलं की वेग. इंग्रजी पुस्तकाला ही सोय नाही. मी प्रूफ वाचताना याचाच आधार घेते: चिन्ह आणि क्रियापद जुळेनासं झालं की काही तरी सरकलंय हे लगेच कळतं. नेमकं इथे ते उपयोगी पडलं नाही. कार्यक्षमता स्त्रीलिंगी आणि एन्थाल्पीही स्त्रीलिंगी. δQ काय आणि dQ काय, उष्णता ती उष्णताच. चौकटीतलं सूत्र चित्र नसतं तर खालच्या ओळीशी विसंगती दिसलीच नसती.

दुरुस्तीला दोन दिवस गेले, पण ती नीट झाली. मूळ फाइलमध्ये सिम्बॉल फॉन्टची प्रत्येक जागा शोधली आणि तिथे युनिकोडमधलं खरं ग्रीक अक्षर घातलं. आता फॉन्ट कोणताही लावला तरी δ ही δ च राहते. ओळीतल्या चिन्हांना वेगळी कॅरॅक्टर स्टाइल दिली, म्हणजे पुन्हा सगळं सिलेक्ट करण्याची गरजच पडू नये. ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइली येतात त्यांना एक सोपी परीक्षा सांगते. पडद्यावर दिसणारं δ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे d उमटला तर त्या फाइलमधल्या एकाही ग्रीक अक्षरावर विसंबू नका.

यात ऑपरेटरला दोष देणं मला पटत नाही. त्याला पानामागे पैसे मिळतात आणि विषय त्याचा नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिथे भाषांतरकाराला पहिलं प्रूफ दाखवतात, मग फॉन्ट बदलतात आणि दुसरं प्रूफ फक्त शुद्धलेखन तपासणाऱ्याकडे जातं. मी मागून घेतलं म्हणून ते माझ्याकडे आलं. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ‘h वाढते’ मध्ये काहीच अशुद्ध नाही. २०२१ पासून एआयसीटीईने अभियांत्रिकी पदवी भारतीय भाषांतून शिकवायला मान्यता दिली आणि अशा पुस्तकांची कामं वाढली, पण विषय जाणणाऱ्याने शेवटचं प्रूफ वाचावं यासाठी अजूनही कोणी वेगळा वेळ धरत नाही.

त्याच सुमारास एका बैठकीत संपादकांनी दुसरा मुद्दा काढला. चिन्हं राहू देत, पण Q_in आणि Q_out मधले in आणि out हे तर शब्द आहेत, ते ‘आत’ आणि ‘बाहेर’ का करू नयेत? प्रश्न रास्त होता. सबस्क्रिप्ट दोन जातींचे असतात. c_p मधला p हा स्वतःच एक राशी आहे, दाब. म्हणून तो तिरपा छापतात आणि त्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. in, out, net हे वर्णन करणारे शब्द, म्हणून ते सरळ छापतात. नियमाने पाहिलं तर ही दुसरी जात भाषेप्रमाणे बदलू शकते.

तरी मी नाही म्हटलं. एकदा ‘आत’ आलं की पुढच्याने h_f मधल्या f चंही देवनागरी करायचं ठरवलं तर त्याला अडवणार कसं? वाफेच्या तक्त्यांत 100 kPa ला h_f = 417.51 kJ/kg आणि h_fg = 2257.5 kJ/kg हे याच नावांनी दिलेलं असतं. शुष्कता x = 0.9 असेल तर विद्यार्थ्याला h = h_f + x·h_fg करून 2449.3 kJ/kg काढायचं आहे, आणि पुस्तकातलं नाव तक्त्यात सापडलं नाही तर तो पहिल्याच पायरीला अडेल. शिवाय देवनागरीला मोठी-छोटी लिपी नाही. पूर्ण प्रणालीची U आणि एका किलोग्रॅमची u, एककातला k आणि केल्व्हिनचा K, हा भेद आपल्या अक्षरांत उतरवताच येत नाही. गेटची परीक्षाही मुलं याच चिन्हांत देणार आहेत.

संपादकांना हे पटलं, मला मात्र पूर्ण पटलेलं नाही. मराठी शाळेतून आलेली मुलगी net हा सबस्क्रिप्ट ‘एन-ई-टी’ असा अक्षरं सुटी करून वाचताना मी ऐकलेली आहे. तिच्यासाठी W_net मध्ये तीन परकी अक्षरं आहेत, अर्थ नाही. सध्या आम्ही असं ठरवलं आहे की प्रत्येक प्रकरणात असा सबस्क्रिप्ट पहिल्यांदा आला की शेजारच्याच वाक्यात त्याचा अर्थ मराठीत सांगायचा: ‘W_net म्हणजे चक्रातून मिळालेल्या कार्यातून चक्राला दिलेले कार्य वजा करून उरलेले निव्वळ कार्य.’ सूत्राला हात लावायचा नाही. पुढचं प्रकरण शीतकरणाचं आहे आणि तिथे थंड बाजूची उष्णता Q_L आणि उष्ण बाजूची उष्णता Q_H यांच्या बाणांच्या दिशा उलटतात, त्यामुळे ही वाक्यं पुन्हा नव्याने लिहावी लागणार आहेत.