गाडीचं कोण बघणार होतं

शनिवार, 26 एप्रिल 2025. संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा आमच्या पडवीत हापूसच्या 64 पेट्या बांधून तयार होत्या. पाच डझनी पेट्या, सगळ्या मिळून साधारण एक टन माल. 30 तारखेला अक्षय्यतृतीया. पुण्यातल्या गिऱ्हाइकांना रविवारी सकाळी पेट्या द्यायच्या असं आम्ही कबूल केलं होतं, कारण रविवारी माणसं घरी भेटतात.

बाग आणि पॅकिंग माझ्याकडे, गाडी आणि पुण्यातलं वाटप भावोजींकडे. भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे मावसभाऊ. हा आमचा एकत्र धंद्याचा तिसरा हंगाम.

सात वाजले, आठ वाजले, गाडी आली नाही. नऊला भावोजींचा फोन लागला. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून काही आलं नाही, म्हणून मी समजलो माल पुढच्या फेरीचा. गाडीवाला लग्नाचं भाडं घेऊन चिपळूणला गेलाय."

त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. फोन ठेवून रागाने मेसेज लिहायला घेतला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "लिहिणं मागनं. आधी पेट्या उघड." त्यांचं बरोबर होतं. आंबा उतरवून सहा दिवस झाले होते, रंग धरायला लागला होता. असा आंबा बंद पेटीत आणखी एक दिवस राहिला की पेंढ्यात ऊब धरते आणि मधला थर आधी पिकतो. आम्ही रात्री एक वाजेपर्यंत झाकणं उघडून पेट्या जमिनीवर मोकळ्या मांडल्या, पंखे लावले आणि डेखाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून एकेक फळ बघितलं. जिथे अंगठा रुततो ते फळ प्रवासाला चालत नाही. अशी नऊ पेट्या फळं निघाली.

गाडी रविवारी संध्याकाळी मिळाली. आंबा घाटातून रात्रभर जाऊन माल सोमवारी सकाळी पुण्यात पोचला. 55 पेट्यांचं वाटप भावोजींनी त्या दिवशी रात्री दहापर्यंत दारोदार जाऊन केलं, हेही सांगायला हवं.

सोमवारी रात्री मी लिहायला बसले. 3 मेला दुसरी खेप निघायची होती, म्हणून लिहिणं भागच होतं. आधी आमचे जुने मेसेज काढून वाचले. माझा मेसेज होता, "माल शनिवारी संध्याकाळी निघेल." त्यांचं उत्तर, "ठीक. गाडीचं बघतो." दोन्ही वाक्यं वाचून मी बराच वेळ तशीच बसले. माझ्या वाक्यात माल आपोआप निघतो, त्याला नेणारं कोणी नाही. त्यांच्या "बघतो"चा अर्थ मी "ठरवली" असा घेतला, त्यांनी "तुमचा आकडा आला की ठरवतो" असा धरला होता. मागचे दोन हंगाम मी पेट्यांचा आकडा फोनवर सांगायचे. या वर्षी तो गिऱ्हाइकांच्या यादीखाली लिहून पाठवला आणि ती यादी त्यांनी वाटपाच्या दिवशी बघायची म्हणून ठेवली होती. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण ते पत्रात लिहून शनिवारची गाडी येणार नव्हती.

लिहिताना एक गोष्ट हाताला लागली. झालेल्या गोष्टीबद्दल लिहिताना माणूस वाक्यातून काढता येतो. "तुम्ही गाडी आणली नाही" आणि "गाडी रविवारी निघाली" यात घटना तीच आहे, पण पहिलं वाक्य वाचणारा लगेच आपली बाजू मांडायला लागतो. पुढच्या कामाबद्दल मात्र नेमकं उलटं करावं लागतं. तिथे "गाडी ठरवली जाईल" असं लिहिलं की परत तोच घोळ. तिथे प्रत्येक वाक्यात मी किंवा तुम्ही हवंच. शेवटी पाठवलं ते असं:

"भावोजी, शनिवारच्या मालाबद्दल आपण दोघं वेगवेगळं समजलो होतो, हे त्या रात्री बोलताना लक्षात आलं. ठरलं होतं ते असं: 64 पेट्या शनिवारी सहाला निघून रविवारी सकाळी पुण्यात. झालं ते असं: गाडी रविवारी संध्याकाळी निघाली, 55 पेट्या सोमवारी वाटून झाल्या, 9 इथेच काढून ठेवाव्या लागल्या. आकडा या वेळी मी फोनवर सांगितला नव्हता.

3 मेच्या खेपेचं मी असं समजते आहे. पेट्यांचा आकडा गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी तुम्हाला फोनवर सांगणार. गाडी तुम्ही ठरवणार आणि ड्रायव्हरचा नंबर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला पाठवणार. बारापर्यंत नंबर आला नाही तर मी रत्नागिरीतून गाडी ठरवणार आणि तुम्हाला फोन करणार. शनिवारी सहाला पेट्या गाडीत भरून देणार मी, रविवारी उतरवून घेऊन वाटणार तुम्ही. यात काही बदलायचं असेल तर बुधवारी रात्रीपर्यंत बदलून पाठवा."

याआधी तीन वेळा खोडलं. पहिल्या खर्ड्यात "निदान नंबर तरी पाठवा" होतं. "निदान" आणि "तरी" काढले. "परत असं नको" काढलं. "मला नाइलाजाने इथून गाडी करावी लागेल" होतं, तिथलं "नाइलाजाने" काढलं. आरोप असल्या छोट्या शब्दांतच बसलेला असतो, आणि वाचणाऱ्याला तेवढेच शब्द दिसतात. नंबर न आल्यास काय, ही ओळ मात्र ठेवली. ती नसती तर शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा पडवीत वाट बघत उभी राहिले असते.

नऊ पेट्यांच्या पैशांचं त्यात एक अक्षर घातलं नाही. ते हंगाम संपल्यावर वहीतल्या हिशेबात बसून बोलायचं. एकाच कागदावर नुकसान आणि पुढचं काम आलं, की समोरचा नुकसानाला उत्तर देतो आणि काम तसंच राहतं. मेसेज बागेच्या ग्रुपवरही टाकला नाही. तिथे दोघं दीर आणि गडीमाणसं आहेत, चारचौघांत वाचून भावोजींना खाली बघावं लागलं असतं. आधी फोन करून सांगितलं, "दोघांनाही लक्षात राहावं म्हणून लिहून पाठवते आहे, वाचून बघा." मग त्यांच्या एकट्याच्या नंबरवर पाठवला.

मंगळवारी काहीच आलं नाही. बुधवारी, ऐन अक्षय्यतृतीयेला, सकाळी उत्तर आलं. शनिवारबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माझी एक ओळ त्यांनी बदलली होती: "आकडा गुरुवारी नको, बुधवारीच अंदाजाने द्या, चार पेट्या कमीजास्त चालतील. लग्नसराईत गाडीवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरत नाही. आकड्याशिवाय मी ॲडव्हान्स देत नाही, लहान गाडी सांगायची की मोठी ते कळत नाही."

हे मला दोन हंगामांत माहीतच नव्हतं. गाडी ॲडव्हान्सवर अडते आणि ॲडव्हान्स माझ्या आकड्यावर. मी लगेच आढीपाशी गेले, पेंढा बाजूला करून रांगा मोजल्या आणि फोन केला, "साठ धरा. लहान गाडी पुरेल." ते म्हणाले, "साठ. लिहून घेतलं."

ड्रायव्हरचा नंबर शुक्रवारी साडेअकराला आला. शनिवारी पावणेसहाला गाडी अंगणात लागली. पेट्या भरल्या 62. रविवारी सकाळी सातला भावोजींचा मेसेज आला: "62 उतरल्या. पहिली पेटी दिली."