नामंजुरी एक, जप्ती दुसरी: अडकलेला बयाणा सोडवताना आलेला माझा अनुभव

हे लिहितोय ते खरं तर आवक कक्षाच्या एका खिडकीमुळे. निविदा नामंजूर होणं ठेकेदाराला नवं नाही. पण निविदेसोबत भरलेला बयाणा जप्त केल्याचं पत्र आलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर स्वीकारायलाच कार्यालय तयार नसेल तर पुढचं सगळं लटकतं. आमचे चार महिने गेले, आणि सुरुवातच या एका गोष्टीत अडकली.

प्रकरण असं. एका नगरपरिषदेचं काँक्रीट रस्ता आणि गटाराचं काम. अंदाजपत्रक जीएसटीसह 1 कोटी 40 लाख, बयाणा एक टक्का म्हणजे 1,40,000 रुपये, mahatenders.gov.in वर ऑनलाइन भरलेला. अट अशी की गेल्या पाच वर्षांत तशाच स्वरूपाचं एक काम अंदाजपत्रकाच्या किमान 40 टक्के रकमेचं, म्हणजे 56 लाखांचं, पूर्ण केलेलं असावं. आम्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा कार्यपूर्ती दाखला जोडला होता, रक्कम 61,36,000. पहिल्या, म्हणजे तांत्रिक पाकिटातच निविदा बाद झाली. पोर्टलवर कारण एका ओळीत होतं आणि पाच दिवसांनी आलेलं पत्र दोन ओळींचं: अनुभव दाखला दिशाभूल करणारा आढळल्याने निविदा अपात्र ठरवून बयाणा रक्कम जप्त करण्यात येत आहे. कोणत्या अटीखाली, काय तपासलं, कोणी ठरवलं, यातलं काही नाही.

गोंधळाचं मूळ आयकराच्या फॉर्म 26AS मध्ये होतं. त्यात त्याच कामाचे 52,00,000 दिसत होते. तांत्रिक छाननी करणाऱ्याने दोन आकडे शेजारी ठेवले आणि 9,36,000 जास्त दाखवल्याचा निष्कर्ष काढला. पण 52 लाखांवर 18 टक्के जीएसटी बरोबर 9,36,000 होतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर आयकराची टीडीएस कपात त्यावर होत नाही, म्हणून 26AS मध्ये करापूर्वीचीच रक्कम येते. दाखल्यात मात्र अंतिम बिलाची एकूण रक्कम असते. दोन्ही कागद खरे, फक्त मोजण्याची जागा वेगळी. जुन्या कामांचा फरक काढताना हेही बघा की शासकीय बांधकामांवरचा दर 18 जुलै 2022 च्या आधी बहुतेक ठिकाणी 12 टक्के होता. चुकीचा दर लावला तर आकडा जुळत नाही आणि तुमचाच खुलासा संशयास्पद वाटतो.

इतकं सरळ असताना वेळ का लागला? कारण हे सांगायचं कोणाला, तेच ठरेना. आवक कक्षात अर्ज दिला तर लिपिक म्हणाले, "हे टेंडरचं पत्र आहे, बांधकाम विभागात द्या." बांधकाम विभागात गेलो तर, "आवक करून आणा, मग फाइलला लावतो." परत खिडकीवर आलो तर, "मुख्याधिकारी साहेबांनी मार्क केल्याशिवाय घेता येत नाही." साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी प्रत ठेवून घेतली, पण आमच्या प्रतीवर शिक्का मारला नाही. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पुढे कोणीही म्हटलं की "तुम्ही हरकत घेतलीच नव्हती", तर दाखवायला हातात काही नसतं. आणि दुसरं, म्हणजे दरांचं पाकीट त्या आठवड्यात कधीही उघडणार होतं.

शेवटी सुटलं ते असं. मुख्याधिकारी यांच्या पदनामाने पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवलं. त्याच दिवशी पोर्टलवर नोंदवलेल्या आमच्या ईमेलवरून, निविदा सूचनेत दिलेल्या ईमेलवर, तेच पत्र सहीचं स्कॅन करून पाठवलं. विषयात निविदा क्रमांक आणि पोर्टलचा टेंडर आयडी दोन्ही लिहिले. ईमेलची वेळ दुसरं पाकीट उघडण्याच्या आधीची होती आणि पुढे तीच कामी आली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खिडकीवर जा, पण पोस्ट आणि ईमेल झाल्यानंतर जा.

आता त्या पत्राबद्दल. पहिल्या पत्रात आम्ही खुलासा कमी आणि मागणी जास्त केली: नामंजुरीचं कारण निविदा अटीच्या क्रमांकासह द्या, जप्ती कोणत्या अटीखाली केली ते वेगळं द्या, आणि आम्हाला म्हणणं मांडायची संधी कधी दिली ते सांगा. या तीन मागण्यांवर कार्यालयाला काहीतरी लिहावं लागतं, आणि लिहिलं की ते बांधलं जातं. मोहिंदर सिंग गिल खटल्यात (1978) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व हेच: आदेश ज्या कारणांवर काढला त्याच कारणांवर तो टिकला पाहिजे, नंतर नवी कारणं जोडता येत नाहीत. आमच्या बाबतीत उत्तरात अचानक "दाखल्यावरील जावक क्रमांक अस्पष्ट" असं दुसरं कारण उगवलं. ते पहिल्या पत्रात नव्हतं, एवढंच आम्ही दाखवून दिलं.

एक चूक होता होता राहिली. पहिल्या मसुद्यात "आमच्याकडून अनवधानाने रक्कम करासह नमूद झाली, क्षमस्व" असं नम्रपणे लिहिलं होतं. हे वाक्य कधीही लिहू नका. जप्तीच्या अटीत खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या कागदपत्रांचा उल्लेख असतो, आणि अशी क्षमायाचना म्हणजे त्या अटीची कबुली ठरते. दाखला जिल्हा परिषदेने दिला आहे, रक्कम त्यांनी लिहिली आहे. आम्ही तो जसाच्या तसा जोडला, एवढंच लिहायचं.

तोवर माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ठेवला होता. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. मागितलं ते नेमकं: तांत्रिक छाननीचा तुलनात्मक तक्ता, निविदा समितीचं इतिवृत्त, जप्तीच्या निर्णयाची टिपणी, आणि आमच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी जिल्हा परिषदेला पाठवलेल्या पत्राची प्रत. शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला होता. तीस दिवस पूर्ण होता होता टिपणीची दीड पानं आली. त्यात 26AS च्या झेरॉक्सवर 52,00,000 भोवती शाईचं वर्तुळ होतं, शेजारी "तफावत" असा एक शब्द. पडताळणीच्या पत्रासमोर लिहिलं होतं: अभिलेखात आढळून येत नाही. म्हणजे ज्या कार्यालयाने दाखला दिला त्याला न विचारताच तो दिशाभूल करणारा ठरला होता. सगळी बाजू फिरली ती या चार शब्दांवर.

दरम्यान जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांकडून आम्हीच पत्र आणलं: दाखला याच कार्यालयाचा आहे, अंतिम बिल जीएसटीसह 61,36,000, मोजमाप पुस्तकाचा क्रमांक अमुक. सोबत जीएसटी टीडीएसचा दाखला, म्हणजे GSTR-7A, जोडला. शासकीय कार्यालय जीएसटीचा टीडीएस 2 टक्के कापतं, तोही कराशिवायच्या रकमेवर. 1,04,000 कापलेले दिसले की मूळ रक्कम 52 लाख हे जीएसटी पोर्टलच सांगतं.

दुसरं निवेदन मग दोन भागांत केलं, आणि माझ्या मते हीच खरी कळ आहे. नामंजुरी हा एक निर्णय आणि जप्ती हा दुसरा. अनुभव कमी पडला तर निविदा बाद होते, बयाणा परत येतो. जप्तीची कारणं निविदेत मोजकी असतात: वैधता कालावधीत निविदा मागे घेणं, काम मिळाल्यावर करारनामा न करणं किंवा सुरक्षा अनामत न भरणं, आणि खोटी कागदपत्रं. यातल्या एकात बसल्याशिवाय जप्ती नाही. मागे घेण्याच्या कारणावर मात्र भांडायला फारशी जागा नसते. वैधतेच्या काळात माघार घेतली तर बयाणा जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा मान्य केलं आहे. म्हणून हरकत चालू असताना रागाने "आमची निविदा रद्द समजा" असं पत्र कोणी देऊ नये.

नामंजुरीचा भाग आम्ही हरलो. नगरपरिषदेचं म्हणणं, अनुभवाची रक्कम कराशिवाय मोजायची, म्हणजे 52 लाख, 56 पेक्षा कमी. आमचं म्हणणं, अंदाजपत्रक करासह आहे तर अनुभवही करासह मोजा. मला अजूनही आमचंच बरोबर वाटतं. पण निविदेत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, आणि अशा वेळी निविदा काढणाऱ्याने लावलेला अर्थ अगदीच विपरीत नसेल तर न्यायालय तो बदलत नाही. नागपूर मेट्रोच्या अ‍ॅफकॉन्स प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. शिवाय तोवर कार्यादेश निघालेला होता. कामाला स्थगिती देताना न्यायालयं हात आखडता घेतात, 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालानंतर जास्तच. नामंजुरीसाठी उच्च न्यायालयात रिट करायचंच असेल तर ते दुसरं पाकीट उघडायच्या सुमारास, उशिरात उशिरा कार्यादेशाआधी. करासह की कराशिवाय हा प्रश्न खरं तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारायचा असतो, तो आम्ही विचारला नाही.

जप्तीची गोष्ट निराळी. सुनावणी दिली नाही, पडताळणी केली नाही, अटीचा क्रमांक दिला नाही. निवेदनाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेलाही दिली. नगरपरिषदेच्या आदेशाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथून फक्त "अहवाल सादर करावा" एवढं पत्र गेलं, पण त्याने फाइल हलली. तीन आठवड्यांनी सुधारित आदेश आला: अपात्रता कायम, बयाणा जप्तीचा आदेश मागे. काळ्या यादीची नोटीस आली नव्हती, ते बरं झालं. आली असती तर तिला वेगळं उत्तर द्यावं लागलं असतं, कारण त्या नोटिशीत काळ्या यादीचा प्रस्ताव स्पष्ट लिहिलेला असावा लागतो.

आदेश आला म्हणजे पैसे आले असं नाही. नुसत्या नामंजुरीत ऑनलाइन बयाणा ज्या खात्यातून भरला त्यातच परत येतो. पण जप्तीची नोंद झाल्याने आमची रक्कम नगरपरिषदेच्या खात्यात गेली होती, म्हणजे आता लेखा विभागातून प्रदान. मागणी अर्ज, पोर्टलची पावती, सुधारित आदेशाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश दिला. लेखापालांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, आवक करून आणा." ईमेल सकाळीच पाठवलेला होता. एकोणीस दिवसांनी 1,40,000 जमा झाले, व्याजाशिवाय.