जुलैतली सुरमई

«इन्स्टाग्राम पोस्टचं कॅप्शन तर AI चं यंत्रच लिहून देतं. मग ती आपोआप जाणाऱ्या पोस्टच्या रांगेत टाकायच्या आधी नुसती वाचून बघायला तुम्हाला एवढा वेळ का लागतो?»

नुसतं वाचलं तर वेळ लागत नाही, पण त्या वाचण्यात काही सापडतही नाही. यंत्राचं वाक्य गुळगुळीत असतं आणि डोळा त्यावरून घसरतो. म्हणून मी प्रत्येक कॅप्शन दोनदा तपासते. पहिल्या फेरीत फक्त तथ्यांची यादी समोर असते आणि दुसऱ्या फेरीत फक्त ब्रँडच्या आवाजाचा कागद. दोन्ही एकदम केलं की आवाज जिंकतो. वाक्य कानाला बरोबर लागलं की ते खरंही वाटायला लागतं.

गेल्या पावसाळ्यातलं एक उदाहरण देते. गोव्यातल्या फोंड्याच्या एका खाणावळीचं काम माझ्याकडे आहे. तिच्या आवाजाच्या कागदावर लिहिलंय: घरगुती, जिव्हाळ्याचा सूर, छोटी वाक्यं, उद्गारचिन्ह नाही, ‘अस्सल’ आणि ‘स्वर्गीय’ हे शब्द नाहीत, पहिल्या सव्वाशे अक्षरांत मुद्दा, कारण इन्स्टाग्रामवर त्यानंतरचा मजकूर ‘more’ खाली दडतो. हा कागद आणि थाळीचा एक फोटो यंत्राला दिला होता. पोस्ट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जायची होती. आलेला मजकूर असा:

«पहाटेच्या जाळ्यातून थेट तुमच्या ताटात. आजीच्या शंभर वर्षांच्या रेसिपीची ताजी सुरमई, चुलीवरचं हुमण, अंगणातल्या आमसुलांची सोलकढी. रोज दुपारी तुमची वाट पाहतोय.»

आवाजाच्या कागदावर हे जवळपास पूर्ण उतरतं. आणि गोम नेमकी तिथेच आहे. आपण यंत्राला ‘घरगुती आणि जिव्हाळ्याचं’ लिहायला सांगतो, पण घराबद्दलची माहिती देत नाही. मग ते आजी, चूल आणि अंगण स्वतःच आणतं. त्यामुळे मी आधी कॅप्शनमधले ठोस तपशील बघते. जो तपशील आपण दिलेल्या माहितीत नव्हता, तो आला कुठून? माझ्या अनुभवात चुका ढोबळ विशेषणांत कमी आणि अशा नेमक्या, चित्रमय तपशिलांत जास्त असतात.

पहिल्या फेरीत पडताळता येईल अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढते. वरच्या मजकुरात पहाटेचं जाळं, आजी, शंभर वर्षं, ताजी, सुरमई, चूल, अंगण आणि ‘रोज’ यांखाली रेघा आल्या. प्रत्येक रेघेसमोर आधार लिहायचा: मेनूकार्ड, मालकांनी भरून दिलेला माहितीचा तक्ता, फोटो किंवा फोनवरचं उत्तर. ‘मला माहीत आहे’ हा आधार धरत नाही, आणि ‘असेलच’ तर नाहीच. शेरे तीनच: आधार आहे, चूक आहे, आधार सापडत नाही. तिसऱ्याला मी दुसऱ्यासारखंच वागवते. विचारून खात्री होईपर्यंत तो शब्द मजकुरात राहत नाही.

तक्त्यात खाणावळ 2011 साली सुरू झाल्याची नोंद होती, त्यामुळे शंभर वर्षं गेली. आजीचा उल्लेख कुठेच नव्हता. स्वयंपाक गॅसवर होतो. सोमवारी बंद असते, म्हणजे ‘रोज’ही चूक. हा शब्द छोटा असल्यामुळे सहज निसटतो, आणि कोल्हापूरहून आलेलं कुटुंब सोमवारी दुपारी बंद दारासमोर उभं राहिलं तर त्यांची जेवणाची वेळ आपण वाया घालवलेली असते. मग फोटो मोठा करून पाहिला. ताटात अख्खा तळलेला मासा होता, पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे गडद पट्टे. म्हणजे बांगडा. सुरमई ताटात तुकडीच्या रूपात येते. यंत्राने फोटोतला मासा ओळखला नव्हता, किनाऱ्यावरच्या थाळीला शोभेल असं नाव तेवढं घातलं होतं.

राहिलं पहाटेचं जाळं. इथे तारीख लागते, आणि तीही कॅप्शन लिहिल्याची नाही, रांगेतून बाहेर पडण्याची. गोव्यात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. फोटो फेब्रुवारीतला होता. तेव्हा हेच वाक्य कदाचित खरं ठरलं असतं. जुलैत बाजारात येणारं बरंचसं नुस्तें, म्हणजे मासळी, बाहेरून बर्फात येतं, बाकीचं खाडी-नदीतलं किंवा लहान होड्यांनी आणलेलं. मालकांना फोन केला. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. ते म्हणाले, «बाये, जुलयांत विसवण खंयची?» विसवण म्हणजे सुरमई. त्या दिवसांत ते खाडीतली सुंगटं, म्हणजे कोळंबी, करतात आणि सोबत सुक्या सुंगटांची किसमूर.

‘ताजी’ या शब्दावर मी मुद्दाम थांबते. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी FSSAI या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत आणि त्यांत ‘ताजं’ म्हणजे काय ते ठरवून दिलंय. धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं अशा मोजक्या गोष्टींपलीकडे प्रक्रिया झालेली नसावी. बर्फातला मासा त्यात बसू शकतो, गोठवलेला बसत नाही. पण बर्फातल्या माशाला ‘ताजा’ म्हणता येतं म्हणून ‘पहाटेच्या जाळ्यातला’ म्हणता येत नाही. ते दोन वेगळे दावे आहेत आणि दोन्हींखाली वेगळी रेघ लागते.

उरलेल्या खऱ्या गोष्टींवरून मजकूर पुन्हा बांधला:

«जुलैत ट्रॉलर बंद असतात. मग आमच्या ताटात काय? खाडीतल्या सुंगटांचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर, सोलकढी. सोमवार सोडून, दुपारी साडेबारा ते तीन.»

फोटोही बदलून घेतला. बांगड्याच्या ताटाखाली सुंगटांचं कॅप्शन चाललं नसतं. मग दुसरी फेरी. वाक्यं छोटी आहेत, उद्गारचिन्ह नाही, सव्वाशे अक्षरांत मुद्दा आलाय. पहिल्या मजकुरातल्या अंगणापेक्षा मला यात खाणावळीचा आवाज जास्त ऐकू येतो, कारण बंदीच्या दिवसांत काय शिजतं हे ज्याच्या घरी शिजतं तोच असं सांगेल.

या टप्प्यावर एक मोह होतो: सूर थोडा मऊ करायला मजकूर परत यंत्राकडे द्यायचा. मी देत नाही. सूर बदलताना ते तथ्यंही हलवतं. ‘सोमवार सोडून’चं ‘आठवडाभर’ होतं, ‘खाडीतली’चं ‘समुद्रातली’ होतं, आणि आपण तो मजकूर एकदा तपासलाय म्हणून दुसऱ्यांदा बारकाईने बघत नाही. शेवटची दुरुस्ती हातानेच करते, आणि ज्या ओळीला हात लावला तिची पहिली फेरी पुन्हा करते.

तुमच्याकडे आवाजाचा कागद असेल तर त्यात एक रकाना वाढवा: ‘हे आमच्याकडे नाही’. या खाणावळीच्या रकान्यात आता चूल, आजी आणि अंगण आहे. यंत्राला तोही रकाना द्यायचा. त्यामुळे यंत्राचं मनाने तपशील रचणं पूर्ण थांबत नाही, कमी होतं. चुलीऐवजी एकदा मातीची भांडी आली होती, त्यामुळे रेघा ओढाव्या लागतातच.

रांगेतल्या ज्या पोस्टमध्ये ‘आज’, ‘या आठवड्यात’ किंवा एखाद्या माशाचं नाव आहे, तिला मी आपोआप जाण्याची वेळ देत नाही. ती मसुदा म्हणून थांबते आणि त्या सकाळी भाऊंचा होकार आला की सुटते. बंदी उठल्यावरच्या पहिल्या सुरमईचं कॅप्शन असंच पडून होतं. बंदी 31 जुलैला संपते, पण दर्या खवळलेला असला तर बोटी लगेच बाहेर पडत नाहीत, आणि त्यांची तारीख कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही.