पिवळी दिसली म्हणून तूर नव्हे

लीड्सला येऊन तीन आठवडे झाले. आज आमटीसाठी सुपरमार्केटमधून 'यलो स्प्लिट पीज'चं पाकीट आणलं. पिवळी डाळ दिसली, तूर समजून कुकरला लावली. शिजल्यावर लगदा झाला, चवीला गोडसर आणि वास थेट वाटाण्याचा. गूळ-आमसूल घालूनही आमटीला आमटीची चव येईना, फार वाईट वाटलं.

आईला व्हिडिओवर डाळ दाखवली. ती लगेच म्हणाली, "अगं, ही वाटाण्याची डाळ! दाणा बघ, कसा गोल, गुळगुळीत, अर्ध्या गोळीसारखा. तूर चपटी असते."

तुरीचं इंग्रजी नाव पिजन पी. आपल्याला डाळ हवी, म्हणून पाकिटावर 'स्प्लिट पिजन पीज' शोधायचं. भारतीय दुकानात सरळ 'तूर डाळ' लिहिलेलं असतं. तेल लावलेली असेल तर 'ऑइली' म्हणतात, ती कोमट पाण्यात चोळून धुवायची. कॅरिबियन मालाच्या फळीवर 'गंगो पीज' दिसतात, तेही तुरीचेच, पण अख्खे दाणे. हरभऱ्याची डाळ मात्र 'स्प्लिट चिकपीज'. पुरणासाठी तीच घ्या.

वाटाण्याची उरलेली डाळ उद्या भिजवून वाटणार आहे, वड्यांसाठी.