सखूआजीची पाठ

पिकावरच्या किडीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा कसा लावायचा हे दाखवणाऱ्या छोट्या ॲनिमेशनपटासाठी आर्वीकडच्या एका गावात आमची चित्रकारांची टोळी बसली होती. पात्र एकच, सखूआजी. साठी उलटलेली, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पाठीला पोक. मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं ते सर्वांनी बघून काढायचा नमुना, शहरातून तयार होऊन आलं होतं आणि दिसायला देखणं होतं. तरी पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाची आजी वेगळी निघाली. एकाची ताठ, एकाची वाकलेली, एकीची मान बगळ्यासारखी. काम देणाऱ्यांनी दोष मुलांच्या हाताला दिला. हात चांगलेच होते. खोट शीटमध्ये होती.

शीटवर पाच बाजू होत्या: समोरून, पाऊण समोरून, बाजूने, पाऊण मागून आणि पाठमोरी. डोक्याचा माथा, डोळे, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा, तळवा अशा आडव्या रेषा पाचही आकृत्यांतून सरळ जात होत्या आणि प्रत्येक अवयव आपापल्या रेषेवर बसत होता. इथेच फसगत होते. रेषा फक्त उंची सांभाळतात, खोली सांभाळत नाहीत. समोरच्या आकृतीत मान पूर्ण दिसत होती आणि हनुवटी खांद्याच्या बरीच वर होती. बाजूच्या आकृतीत मात्र पोक होता, डोकं पुढे आलेलं होतं, तरीही हनुवटी त्याच रेषेवर बसवलेली. असं शरीर उभंच राहू शकत नाही. पाठ वाकली की डोकं पुढे येतं आणि खालीही येतं. मग मधली पाऊण बाजू काढताना कोणी समोरच्या आकृतीवर भरवसा ठेवला, कोणी बाजूच्या. दोघेही शीटप्रमाणेच काढत होते!

म्हणून नव्या शीटसाठी बाजूची आकृती आधी काढली. पोक, पोट, पुढे आलेली मान असं जे पात्राचं खास असतं, ते ज्या बाजूने उघड दिसतं तिथूनच सुरुवात करावी. ए-थ्री कागदावर डोकं 3 सेंटीमीटर धरलं. ताठ उभी केली तर आजी पाच डोकी, म्हणजे 15 सेंटीमीटर. वाकल्यावर 13.5 उरली. हनुवटी खांद्याच्या रेषेखाली अर्धा सेंटीमीटर आली. त्या उंच्या समोरच्या आकृतीत नेल्या, तर मान नाहीशीच झाली आणि हनुवटी छातीवरच्या पदराला टेकली. पाऊण समोरून बघताना पोकाचा उंचवटा खांद्यामागे थोडा डोकावतो, तो किती हेही रेषेने ठरवून टाकलं.

पदराआड डोक्याची कवटी आणि अंबाडा फिकट निळ्या रेषेत काढून ठेवला. कापड थेट काढलं की दर चित्रात डोकं लहानमोठं होतं.

पुढचा घोळ पदराचा. एका पोरीने विचारलं, "दादा, पदर इकून का तिकून?" प्रश्न अगदी नेमका होता. वेळ वाचवायला चित्र आडवं उलटवून दुसऱ्या दिशेचं चालणं तयार करतात, आणि तेव्हा पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत. विदर्भातल्या बाईला हे पडद्यावर पहिल्या झटक्यात खटकतं. शीटवर लिहिलं: नथ डावीकडे, पदर डाव्या खांद्यावरून, चित्र उलटवू नये. दोन्ही दिशांचं चालणं स्वतंत्र काढायला लागतं. काम वाढतं, त्याला इलाज नाही.

हावभावांचं पान वेगळं. सगळे चेहरे एकाच पाऊण कोनातून काढले, मधोमध शांत चेहरा. कवटी आणि डोळ्यांतलं अंतर बदलत नाही, तोंड उघडलं की फक्त जबडा खाली जातो. हसताना गाल वर सरकतात आणि खालची पापणी ढकलतात, ती तशीच ठेवली तर हसू खोटं वाटतं. सुरकुत्यांचा आकडा लिहिलाच पाहिजे: डोळ्याच्या कोपऱ्यात दोन, कपाळावर तीन. नाहीतर रागावली की आजी दहा वर्षांनी म्हातारी होते. तपासायला मुलांची चित्रं उजेडाच्या पेटीवर शांत चेहऱ्यावर ठेवायची. कपाळ जुळलं नाही, तर बाकी कितीही छान असो, परत काढायचं.

शीट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की बारीक रेषा पुसट होतात, म्हणून ते डॉक्युमेंट करून पाठवतो आणि कोपऱ्यात तारीख टाकतो. भारनियमनात कामी यावं म्हणून छापील प्रतही प्रत्येकाच्या पाटीला चिकटवलेली असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सापळा खांबाला बांधताना आजी मान वर करते. तेव्हा आडव्या रेषा वाकतात, आणि पाच बाजूंचं शीट काहीच सांगत नाही. वर बघणारं आणि खाली बघणारं डोकं जोडलं आहे, पण मान वर गेली की पोकाचं काय होतं यावर टोळीत दोन मतं आहेत. माझ्या मते पाठ तशीच राहावी आणि मान फक्त वरच्या मणक्यापासून वळावी. सध्या तसं काढून घेतो आहे.